अंडं तेच, तोंड वेगळं: हुकवर्मच्या दोन जाती ओळखायच्या कशा

डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाची मुलं प्रॅक्टिकलला येतात तेव्हा मी त्यांना एक स्लाइड दाखवतो आणि रिपोर्ट लिहायला सांगतो. दहातले आठ जण बेधडक लिहितात, ‘अँकिलोस्टोमा ड्युओडिनेलची अंडी आढळली.’ मग मी विचारतो, ड्युओडिनेल कशावरून? निकेटर अमेरिकानस का नाही? वर्गात शांतता. पुस्तकात पहिलं नाव अँकिलोस्टोमाचं असतं म्हणून तेच हाताला येतं, एवढंच खरं उत्तर. ही सवय पुढे नोकरीतही टिकते. असे रिपोर्ट मी भरपूर पाहिलेत आणि उमेदीच्या काळात स्वतःही लिहिलेत.

माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या हुकवर्मच्या या दोन मुख्य जाती. अंड्यावरून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. सांगायच्या असतील तर एकतर अंड्यातून अळी वाढवावी लागते, नाहीतर पूर्ण वाढलेला कृमी हाती लागावा लागतो. हे टप्प्याटप्प्यानं कसं करायचं ते एका रुग्णाच्या नमुन्यावरून सांगतो.

बाई चाळिशीच्या, कोकणातल्या एका वाडीतल्या. थकवा, धाप, पायांवर थोडी सूज. हिमोग्लोबिन ६.८, रक्ताच्या स्लाइडवर तांबड्या पेशी लहान आणि फिक्या, इओसिनोफिल वाढलेले. डॉक्टरांनी शौचाचा नमुना पाठवला.

पहिला टप्पा: अंडं ओळखा आणि तिथेच थांबा

काचेवर सलाइनचा थेंब घ्या, काडीच्या टोकावर येईल तेवढा नमुना त्यात कालवा, कव्हरस्लिप ठेवा आणि १०च्या भिंगाखाली सगळी काच पालथी घाला. हुकवर्मचं अंडं लंबगोल असतं, दोन्ही टोकं बोथट. कवच इतकं पातळ की पेन्सिलीच्या एका रेघेसारखं दिसतं. पित्ताचा रंग त्याला चढत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या पिवळट कचऱ्यात ते स्वच्छ पारदर्शक उठून दिसतं. आत चार ते आठ पेशींचा पुंजका असतो, आणि त्या पुंजक्याच्या नि कवचाच्या मध्ये सगळीकडून मोकळी जागा. ही मोकळी जागा दिसली की समजायचं, अंडं हुकवर्मचं. लांबी साधारण ६० मायक्रोमीटर, रुंदी ४०.

अंडी कमी असतील तर मिठाच्या संपृक्त पाण्यात ती तरंगवून घ्या. अरुंद तोंडाची बाटली काठोकाठ भरायची, वर काच टेकवायची आणि वीस मिनिटांनी अलगद सरळ वर उचलायची. अर्ध्या तासाच्या पुढे ठेवू नका, अंडी पुन्हा खाली बसायला लागतात.

निकेटरचं अंडं किंचित लांब असतं, काही पुस्तकं ६४ ते ७६ मायक्रोमीटर देतात, हे खरं. पण प्रत्यक्षात दोन्ही जातींची मापं एकमेकांत मिसळलेली असतात आणि एकाच रुग्णाच्या दहा अंड्यांत दहा मापं निघतात. आतल्या पेशी किती आहेत ते जातीवर नाही, नमुना किती वेळ ठेवला होता त्यावर ठरतं. म्हणून या टप्प्यावर रिपोर्टमध्ये ‘हुकवर्मची अंडी’ एवढंच लिहायचं. त्यात कमीपणा नाही.

खरी चूक होते ती दुसऱ्याच अंड्यांबरोबर. ट्रायकोस्ट्राँगायलसचं अंडं असंच पातळ कवचाचं, पण लांबलचक, ७५च्या पुढे, आणि एका टोकाला निमुळतं. भाजीच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींची अंडीही कधीकधी खाण्यातून शौचात येतात. ती त्याहून मोठी असतात आणि रुग्णाला काहीही करत नाहीत. शंका आली तर मापपट्टीचं आयपीस लावा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

दुसरा घोटाळा शिळ्या नमुन्याचा. उन्हाळ्यात नमुना एक दिवस बाहेर राहिला तर अंडी फुटून त्यातून अळ्या निघतात. मग टेक्निशियन अळी पाहतो आणि ‘स्ट्राँगिलॉइडिस’ असं दुसऱ्याच कृमीचं नाव लिहून मोकळा होतो. अशा वेळी अळीचं तोंड पाहावं: हुकवर्मच्या बाल-अळीची तोंडाची नळी लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसची अगदी आखूड.

मोजणी, आणि आमची एक फजिती

या बाईंच्या नमुन्यात अंडी भरपूर होती, म्हणून काटो-काट्झ पद्धतीनं मोजणी केली. या पद्धतीत छिद्राच्या साच्यातून ४१.७ मिलिग्रॅम शौच काचेवर घेतात, ग्लिसरीनमध्ये भिजवलेली सेलोफेनची पट्टी वर दाबतात, मिळालेल्या अंड्यांना २४नं गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते.

पहिली स्लाइड लावून आम्ही जेवायला गेलो. दोन तासांनी पाहिलं तर जेमतेम अकरा अंडी. सलाइनच्या थेंबात शेताला पेरल्यासारखी दिसत होती, मग गेली कुठे? ग्लिसरीननं ती इतकी पारदर्शक करून टाकली होती की दिसेनाशी झाली. राउंडवर्मची जाड कवचाची अंडी दुसऱ्या दिवशीही दिसतात, हुकवर्मची थांबत नाहीत. अर्धा तास ते फार तर तासाभरात मोजायची. दुसरी स्लाइड वेळेत वाचली तेव्हा ९६ अंडी निघाली, म्हणजे ग्रॅमला २३०४. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत २००० ते ३९९९ म्हणजे मध्यम संसर्ग.

दुसरा टप्पा: अळी वाढवा

जात कळायला हराडा-मोरी पद्धत स्वस्त आणि पुरेशी आहे. तिला अट एकच: नमुना ताजा हवा, फॉर्मलिन न घातलेला आणि फ्रिजमध्ये न ठेवलेला. थंडीनं अंडी मरतात, विशेषतः निकेटरची. मग नळीत फक्त अँकिलोस्टोमाच उरला तर निष्कर्षही खोटा निघतो.

पंधरा मिलिलिटरची टोकदार बुडाची नळी घ्या. फिल्टर पेपरची सव्वा सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर लांब पट्टी कापा, खालचं टोक निमुळतं करा. पट्टीच्या मधल्या भागावर अर्धा ते एक ग्रॅम शौच पातळ सारवा, खालचे पाच सेंटिमीटर कोरे सोडा. नळीत तीन-चार मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी घाला आणि पट्टी अशी उभी ठेवा की टोक पाण्यात बुडेल, शौच बुडणार नाही. तोंडाला बूच सैल लावा. रुग्णाचा क्रमांक, तारीख पेन्सिलीनं पट्टीच्या वरच्या टोकावरच लिहा. नळी अंधाऱ्या जागी २४ ते २८ अंश तापमानात ठेवा. पाणी कमी झालं तर कडेनं सोडा, पट्टीवर ओतू नका.

पेपर पाणी वर ओढतो. अंड्यांतून दिवस-दोन दिवसांत अळ्या निघतात, शौचातले जिवाणू खाऊन वाढतात, दोनदा कात टाकतात आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान संसर्गक्षम होऊन पाण्यात उतरतात. दुसऱ्या वेळची कात त्या अंगावरच ठेवतात, त्यालाच आवरण म्हणायचं.

इथे हातमोज्यांबद्दल सांगायलाच हवं. ताज्या शौचातल्या हुकवर्मच्या अंड्यानं कुणालाही लागण होत नाही. पण आठवडाभर वाढवलेल्या नळीतला एक थेंब हातावर पडला तर होते. हा शोधच असा लागला. कैरोत काम करणारे आर्थर लूस गिनिपिगांना तोंडावाटे अळ्या देत होते, तेव्हा कल्चरचा थेंब त्यांच्या हातावर सांडला. त्या जागी खाज आली, लाली आली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या शौचात अंडी सापडली. १८९८मध्ये त्यांनी हे मांडलं, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला बऱ्याच जणांना जड गेलं.

सातव्या दिवशी बुडातलं पाणी पिपेटनं काढा, काचेवर घ्या, बाजूला आयोडीनचा थेंब सोडा. अळ्या मरतात, सरळ होतात आणि बारकावे उठून दिसतात. आधी ती हुकवर्मचीच आहे ना ते पाहा: अंगावर आवरण, अन्ननलिका शरीराच्या चौथाईएवढी, शेपूट टोकदार. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळीला आवरण नसतं, अन्ननलिका जवळजवळ निम्म्या शरीरापर्यंत जाते, शेपटीच्या टोकाला खाच असते.

मग ४०च्या भिंगाखाली जात ओळखा. मी मुलांना शेपटीपासून सुरुवात करायला सांगतो. निकेटरच्या आवरणावर शेपटीजवळ आडव्या रेषा ठळक दिसतात, कापडाच्या चुणीसारख्या. अँकिलोस्टोमाच्या आवरणावर त्या इतक्या पुसट असतात की दिसल्याच तर भिंग वरखाली करून. मग डोक्याकडे या. निकेटरच्या तोंडात भाल्यासारख्या दोन गडद काड्या सारख्या जाडीच्या आणि स्पष्ट दिसतात, अँकिलोस्टोमात त्या फिकट. शेवटी अन्ननलिका संपून आतडं सुरू होतं तो सांधा पाहा. निकेटरमध्ये तिथे फट असते आणि आतड्याची सुरुवात अन्ननलिकेच्या फुगीर टोकाइतकी रुंद. अँकिलोस्टोमात फट नाही आणि आतडं तिथे अरुंद. अँकिलोस्टोमाची अळी थोडी लांबही असते, पण लांबीवर मी निकाल देत नाही. तीनपैकी दोन खुणा जुळल्या तरच जात लिहायची.

एका अळीवर थांबायचं नाही, किमान वीस-पंचवीस पाहायच्या, कारण आपल्याकडे मिश्र संसर्ग असतो. या बाईंच्या नळीतल्या २५ अळ्यांत २१ निकेटरच्या निघाल्या, ४ अँकिलोस्टोमाच्या.

तिसरा टप्पा: तोंड, जमलं तर

पूर्ण वाढलेला कृमी हाती लागणं नशिबाचं. कधी दुर्बिणीतून तपासताना लहान आतड्याच्या सुरुवातीला चिकटलेला सापडतो, कधी औषधानंतरच्या दोन-तीन दिवसांचं शौच गाळणीवर धुऊन मिळतो. सेंटिमीटरभर लांब, पांढुरका, रक्त प्यायलेला असेल तर तांबूस.

आधी नुसत्या डोळ्यांनी बाक बघा. अँकिलोस्टोमाचं डोकं शरीराच्या बाकाच्याच दिशेला वळलेलं असतं. निकेटरचं डोकं उलट दिशेला मुरडतं, त्यामुळे तो नागमोडी वाटतो. गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये मारलेला कृमी सरळ होतो आणि ही खूण जाते, म्हणून आधी बघायचं, मग मारायचं. नंतर लॅक्टोफिनॉलच्या थेंबात कव्हरस्लिपखाली तासभर ठेवा म्हणजे तो पारदर्शक होतो.

अँकिलोस्टोमाच्या तोंडाची पोकळी मोठी असते आणि तिच्या पुढच्या कडेवर पोटाकडच्या बाजूला आकड्यासारखे दात, दोन जोड्या. निकेटरच्या तोंडाची पोकळी लहान, आणि दातांच्या जागी अर्धचंद्राकार पाती. जोर लावायला सुळे नाहीत, कापायला धार आहे. पण हे दिसायला डोकं समोरून दिसावं लागतं. काचेवर कृमी कुशीवर पडतो, दोन्ही जोड्या एकमेकांवर येतात आणि एकच दात असल्यासारखं वाटतं. कव्हरस्लिपच्या कडेला सुईनं हलकेच ढकला, कृमी लोळतो आणि तोंड समोर येतं. हा खटाटोप टाळू नका, कारण आशियात अँकिलोस्टोमा सिलॅनिकम नावाची तिसरी जातही माणसात सापडते. ती कुत्र्या-मांजरांतून येते आणि तिचा मोठा दात खरोखरच एकेका बाजूला एकच असतो.

कृमी नर असेल तर शेपटीकडेही बघा. तिथे छत्रीसारखा पसरट भाग असतो. अँकिलोस्टोमात त्यातल्या दोन बारीक काट्या सुट्या असतात, निकेटरमध्ये त्या टोकाला जुळून एक होतात आणि टोक गळाच्या आकड्यासारखं दिसतं. डोकं तुटलेलं असेल तेव्हा हीच खूण कामी येते, आणि ते बऱ्याचदा तुटतंच.

तोंडाचा फरक रक्तात किती उतरतो

अँकिलोस्टोमाचा एक कृमी रोज साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो, निकेटरचा ०.०३. शिवाय कृमी जागा बदलतो तेव्हा आधीचा चावा गळत राहतो, कारण रक्त गोठू न देणारा स्राव त्यात सोडलेला असतो.

आता आपल्या बाईंचा हिशेब. ग्रॅमला २३०४ अंडी, दिवसाचं शौच १५० ग्रॅम धरलं तर रोजची अंडी सुमारे ३ लाख ४६ हजार. पंचवीसपैकी चार अळ्या अँकिलोस्टोमाच्या, म्हणजे १६ टक्के, सुमारे ५५ हजार अंडी. त्याची मादी दिवसाला वीसेक हजार घालते, म्हणजे तीन माद्या, नर धरून सहा कृमी. उरलेली २ लाख ९० हजार अंडी निकेटरची. त्याची मादी सातेक हजार घालते, म्हणजे एकेचाळीस माद्या, नर धरून ८२ कृमी.

सहा कृमी गुणिले ०.२ म्हणजे १.२ मिलिलिटर. ८२ गुणिले ०.०३ म्हणजे जवळपास अडीच. एकूण दिवसाला ३.७ मिलिलिटर. अठ्ठ्याऐंशी कृमींतले सहा तिसरा हिस्सा रक्त घेऊन जातात. हिमोग्लोबिन १२ असताना एवढ्या रक्तातून दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, आणि आहारातून रोज शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅम. गेलेल्यातलं थोडं आतडं परत घेतं, तरी पाळी चालू असलेल्या बाईचा ताळेबंद यात बसणं कठीण.

हा हिशेब अंदाजाचाच. कृमींची गर्दी वाढली की प्रत्येक मादी कमी अंडी घालते, दोन्ही जातींची अंडी नळीत सारख्या प्रमाणात फुटतातच असं नाही, आणि २५ अळ्या म्हणजे काही मोठी शिरगणती नव्हे.

लागण कुठून झाली

निकेटर माणसात शिरतो तो कातडीतूनच. पायाच्या बोटांच्या बेचक्यातून अळी आत जाते, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, आणि गिळली जाऊन आतड्यात. शिरताना खाज येते, बारीक पुरळ उठतं. पावसाळ्यात आपल्याकडे बेचक्यांत जे काही होतं त्याला चिखल्या म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ही खाज कुणी सांगत नाही. मी मुद्दाम विचारतो, ‘चिखल्या झाल्या होत्या का, आणि त्यानंतर खोकला आला होता का?’

या बाईंनी दोन्हींना हो म्हटलं. आमच्या एका विद्यार्थ्यानं लगेच लावणीच्या खाचराला दोष दिला. पण पाणी साचलेल्या चिखलात हवा नसते, अंडी तिथे नीट वाढत नाहीत. अळीला हवी असते सावलीतली, ओलसर, भुसभुशीत माती. बाई परसाकडे जात होत्या काजूच्या बागेच्या कडेला, तेही अनवाणी, आणि आसपासची घरंही तिथेच जात होती. संशय धरायचा तो त्या जागेवर.

अँकिलोस्टोमाला कातडीची वाट आहेच, शिवाय तोंडाचीही आहे. मातीच्या हातानं खाल्लं, न धुतलेल्या पालेभाजीवरची अळी पोटात गेली तर ती फुप्फुसाची फेरी न करता थेट आतड्यात वाढू शकते. खूप अळ्या एकदम गिळल्या गेल्या तर मळमळ, उलटी, घशात खवखव, खोकला असा त्रास होतो. जपानी वैद्यकात त्याला वाकाना आजार म्हणतात. म्हणून निकेटर असेल तर चप्पल आणि शौचालय यांनी काम भागतं, अँकिलोस्टोमा असेल तर भाजी आणि हात धुण्याचंही सांगावं लागतं. तान्ह्या बाळांत आढळलेल्या संसर्गांमुळे आईच्या दुधावाटे तो जात असावा असाही संशय आहे.

अँकिलोस्टोमाची आणखी एक खोड आहे. आत शिरलेल्या काही अळ्या वाढ थांबवून महिनोन्‌महिने शरीरात दबून राहतात. पश्चिम बंगालमधल्या अभ्यासातून १९७३मध्ये हे पुढे आलं: कोरड्या हंगामात बाहेर पडलेली अंडी वाया जाणार, म्हणून अळी आत थांबते आणि पावसाळा तोंडावर आला की आतड्यात येऊन मोठी होते. औषध आतड्यातल्या कृमींना मारतं, दबलेल्या अळ्यांपर्यंत ते तितकं पोचत नाही.

दोन्ही जातींना औषध तेच, अल्बेंडॅझोल ४०० मिलिग्रॅमचा एक डोस. बाईंना तो आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. उपचारासाठी जात कळायची गरज नव्हती. गरज पडली ती पुढे. तीन आठवड्यांनी नमुना स्वच्छ होता. मे महिन्याच्या शेवटी पुन्हा आला, त्यात अंडी होती, ग्रॅमला शंभरच्या आत. मधल्या काळात घरात शौचालय झालं होतं, बाई चप्पल घालत होत्या, आणि पाऊस अजून पडायचा होता. गोळी लागू पडली नाही की लागण नव्यानं झाली, असा प्रश्न ओपीडीतून आला. आम्ही पुन्हा नळी लावली. आठव्या दिवशी जेमतेम नऊ अळ्या मिळाल्या, नऊही अँकिलोस्टोमाच्या, शेपटीवर रेषा नाहीत, सांध्यात फट नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘हुकवर्मची अंडी आढळली. कल्चरमध्ये नऊ अळ्या, सर्व अँकिलोस्टोमा ड्युओडिनेलशी जुळणाऱ्या. दबलेल्या अळ्यांतून पुन्हा उद्भवल्याची शक्यता विचारात घ्यावी.’ डॉक्टरांनी डोस परत दिला आणि आम्ही नळीत उकळतं पाणी ओतून ती मोडीत काढली.